नुसता "अर्जंट" असा मेसेज आला तर पहिलं उत्तर काय द्यावं

प्रश्न: "मी नुकताच धाराशिव जिल्ह्यातल्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात रुजू झालोय. व्हॉट्सअॅपवर रोज नुसतं 'अर्जंट', 'सर हेल्प', 'लवकर' असं येतं, पुढे काहीच नाही. 'काय झालं?' विचारलं तर एक तर उत्तर नाही, नाहीतर 'जनावर सिरियस' एवढंच. धावत गेलो तर निम्म्या वेळा काही विशेष नसतं. शांत राहून नेमकं काय लिहायचं?"

डॉक्टर, मी लातूर जिल्ह्यात बरीच वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे तुमचा त्रास ओळखीचा आहे. पण अडचण मेसेज अपुरा असण्याची नाही, असं मला वाटतं. तो अपुराच येणार. खरी अडचण अशी की तुमचा "काय झालं?" हा प्रश्न शेतकऱ्याला रोगाचं नाव सांगायला लावतो, आणि ते त्याला माहीत असतं तर त्यानं तुम्हाला कळवलंच नसतं. म्हणून तो म्हणतो "सिरियस". त्याला जे डोळ्यांनी दिसतंय तेवढंच विचारलं, तर तोच माणूस चटकन आणि बरोबर सांगतो.

माणूस एकच शब्द का लिहितो, हे आधी लक्षात घ्या, म्हणजे चिडचिड निम्मी कमी होईल. एका हातात कासरा असतो. कधी मेसेज टाकणारा घरातला आठवीतला पोरगा असतो, आणि बाप गोठ्यातून ओरडत असतो, "डॉक्टरला टाक रे लवकर". काहींना मराठी टाइप करणं जड जातं. आणि एक कारण आपल्याला कुणी तोंडावर सांगत नाही. सगळं लिहिलं तर डॉक्टर म्हणेल "उद्या बघू", अशी भीती असते. तपशील न देणं ही तुम्हाला गोठ्यापर्यंत आणायची त्याची युक्ती असते. तिथं तुम्ही "आधी सविस्तर सांगा" असं लिहिलंत की त्याला ते "मी येत नाही" असंच वाचायला येतं. मग तो गावातल्या कुणाला तरी बोलावतो, आणि जनावराच्या नरड्यात तेलाची बाटली जाते.

म्हणून माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे. थोडाफार फरक करून ते असं असतं:

"मेसेज बघितला, मी डॉक्टर. गाव कोणतं? जनावर कोणतं? उभं आहे का पडलंय? तोंडावाटे काही पाजू नका. फोन लावतोय."

एवढंच. यातल्या प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येतं, आणि प्रत्येक उत्तरानं माझं पुढचं पाऊल बदलतं. गाव नसेल तर मी गाडी कुठं वळवू? जनावर शेळी आहे की बैल, यावर बॅगेत काय घ्यायचं ते ठरतं. आणि उभं की पडलेलं, हा प्रश्न तर सोन्यासारखा आहे. उभं जनावर बहुतेक वेळा तुम्हाला तास-दोन तास देतं. पडलेलं जनावर देईलच असं नाही. ताप किती, खातंय का, किती दिवसांपासून, हे सगळं नंतर. पहिल्या मेसेजात चौथा प्रश्न घातला की माणूस एकाचंही उत्तर देत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

"घाबरू नका" असं मी सुरुवातीला लिहीत नाही. त्यानं कुणाची भीती जात नाही, उलट डॉक्टरला यातलं काही कळलं नाही असं त्याला वाटतं. त्यापेक्षा हाताला काम द्या. "दुसरी जनावरं बाजूला बांधा", "डावीकडून एक फोटो काढा" असं काही सांगितलं की माणूस आपोआप सावरतो.

"तोंडावाटे काही पाजू नका" हे वाक्य मी रोग कळायच्या आधीच का टाकतो, ते जरा सविस्तर सांगतो, कारण नवे डॉक्टर ते विसरतात. आपल्याकडं जनावर पडलं की घरात जे असेल ते पाजायची रीत आहे. गोडं तेल, सोडा, ताक, हळद-गूळ, कुणी तर देशी दारूसुद्धा. जनावर उभं असेल, नीट गिळत असेल, तर यातल्या काही गोष्टींनी फारसं बिघडत नाही. पण पडलेल्या, झटके येणाऱ्या किंवा शुद्ध हरपत चाललेल्या जनावराची मान वर ओढून बाटली लावली की ते औषध पोटात न जाता श्वासनलिकेत उतरतं. मूळ दुखण्यातून जनावर वाचलं तरी पुढच्या दोन-तीन दिवसांत फुप्फुसाच्या सुजेनं जातं. मग शेतकरी म्हणतो, "डॉक्टरनं सुई मारली अन् नंतर गेलं." हे वाक्य असं आहे की दुखणं कोणतंही असो, मी पोचेपर्यंत ते पाळल्यानं जवळजवळ कधीच नुकसान होत नाही. पहिल्या उत्तरात सूचना घालायची तर असलीच घालावी. कारण माहीत नसताना "हे द्या, ते द्या" असं लिहू नये.

अजून एक अशीच सूचना आहे, पण ती "पडलंय" असं उत्तर आल्यावरच द्यायची. जनावर एका कुशीवर सपाट आडवं पडलं असेल तर त्याला छातीवर बसतं करून दोन्ही बाजूंनी पोत्यांचा टेका द्यायला सांगा. रवंथ करणारं जनावर सपाट पडून राहिलं की पोटातला वायू बाहेर पडत नाही, पोट फुगतं, छाती दाबली जाते. नुकत्याच व्यायलेल्या गाईला दुग्धज्वर झाला असेल तर कॅल्शिअमची बाटली शिरेतून लागेपर्यंत तिला असं बसतं ठेवणं हीच निम्मी शुश्रूषा. झटके चालू असतील तर मात्र बसवायच्या भानगडीत पडू नका म्हणावं. पाय लागून माणूस जखमी होतो.

आता एक प्रसंग नीट सांगतो, म्हणजे प्रश्नांचा क्रम का महत्त्वाचा ते कळेल. मार्चचे दिवस होते. रब्बीची ज्वारी काढून झालेली, कडबा रचलेला, आणि मधेच अवकाळी पाऊस होऊन गेलेला. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला, "सर अर्जंट". मी वरचंच उत्तर टाकलं. दोन मिनिटांत आलं, "पडलाय बैल". गाव नाही. मी फोन लावला.

"मामा, गाव कोणतं?"

गाव कळलं. बालाघाटाच्या डोंगराच्या कडेचं, माझ्यापासून गाडीनं अर्ध्या तासाच्या वर.

"एकच बैल पडलाय का अजून कोणाला काही झालंय?"

"दुसरा बी डुलायलाय सर. पहिला तर पाय झाडायलाय, तोंडाला फेस आलाय."

इथंच माझं अर्धं निदान झालं. एकाच वेळी दोन धडधाकट जनावरांना एकसारखं व्हायला लागलं, तर साधा आजार क्वचितच असतो. पोटात काहीतरी गेलेलं असतं. म्हणून गाव कळल्यावर "एकच की जास्त?" हा माझा फोनवरचा पहिला प्रश्न असतो. तो मेसेजात घालत नाही, कारण एकच जनावर आजारी असलेल्या माणसाला तो विचित्र वाटतो.

"सकाळपासून कुठं होती जनावरं?"

"इथंच, कापलेल्या ज्वारीच्या रानात सोडली होती घटकाभर."

"फुटवे आलेत का रानात?"

"आलेत की, हिरवंगार झालंय. पाऊस पडला न्हवं."

किराळ. तुम्ही कॉलेजात हे शिकलाच आहात, पण वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगतो. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य असतं. जनावराच्या पोटात त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराच्या पेशींना तो वापरताच येत नाही. म्हणून सुरुवातीला हिरड्या आणि डोळ्यांच्या आतली त्वचा निळी न पडता लालभडक दिसते. दीड-दोन फुटांच्या आतली ज्वारी, कापणीनंतरचे फुटवे, पावसानं ओढ दिल्यावर करपून पुन्हा फुटलेलं पीक, हे सगळ्यात घातक. नीट वाळलेल्या कडब्यात तो धोका जवळजवळ राहत नाही. लक्षणं खाल्ल्यानंतर काही मिनिटांत दिसू शकतात, आणि मात्रा जास्त असेल तर जनावर तासाभरातही जातं.

म्हणजे माझ्या हातात वेळ नव्हता, आणि अंतर अर्ध्या तासाचं. अशा वेळी शांत राहायचं म्हणजे आवाज मऊ ठेवायचा एवढंच नाही. पुढच्या तीस मिनिटांत फोनवरून जे होण्यासारखं आहे ते एकापाठोपाठ सांगायचं, आणि जे होणार नाही त्याच्या मागे लागायचं नाही. मी तीन गोष्टी सांगितल्या. रानात अजून जेवढी जनावरं आहेत तेवढी आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, पण पळवू नका. डुलणाऱ्या बैलाला सावलीत उभं करा, त्याला चालवत गावात आणू नका. आणि कुणी कितीही सांगितलं तरी पाजू नका. मग विचारलं, "हिरडी उचलून बघा, रंग कसाय?" ते म्हणाले, "लालचुटूक."

हा रंग विचारण्यामागे अजून एक कारण होतं. तोंडाला फेस आणि झटके फवारणीच्या औषधानंही येतात. कीटकनाशकाच्या विषबाधेत लाळेची धार लागते, पातळ शेण होतं, अंग थरथरतं आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. तिथं अॅट्रोपीन लागतं, किराळीला सोडियम थायोसल्फेट. बॅगेत दोन्ही होतं, तरी कुठली बाटली आधी हातात घ्यायची हे गाडीतच ठरलेलं बरं. रानाच्या आसपास कुणी फवारलंय का, हेही विचारलं. नव्हतं.

निघायच्या आधी एक फोन अजून केला. त्या गावापासून जवळ राहणारे आमचे एक पशुधन पर्यवेक्षक आहेत, ते माझ्या आधी पोचण्यासारखे होते. तुम्हालाही सांगतो, मेसेज तुम्हाला आला म्हणजे तुम्हीच पोचलं पाहिजे असं नाही. तुमच्या आसपासच्या प्रत्येक दवाखान्यातल्या माणसाचा नंबर आणि तो कुठल्या गावांना लवकर पोचतो, हे तोंडपाठ ठेवा. १९६२ या टोल फ्री नंबरवर फिरत्या पशुचिकित्सा पथकाला बोलावता येतं, तेही डोक्यात असू द्या. पथक त्या वेळी कुठं असेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून मी त्याच्या भरवशावर स्वतःचं निघणं थांबवत नाही.

पहिला बैल आम्ही पोचायच्या आत गेला. दुसऱ्याला शिरेतून औषध लागलं आणि रात्री तो उठून पाणी प्यायला. रानातून काढलेल्या दोन गाई आणि एक वासरू यांना काहीच झालं नाही. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे शेवटचं. फोन उचलल्याबरोबर मी "लगेच येतो" म्हणून ठेवला असता, तर मी पोचेपर्यंत ती तिघंही त्याच रानात फुटवे खात राहिली असती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तुमचं दुखणं खरं तर तिथं आहे. निम्म्या वेळा काही नसतं, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडेही "अर्जंट" म्हणून येणाऱ्यांत म्हैस माजावर आलेली असते, विम्याच्या कागदावर सही हवी असते, कानातला बिल्ला निघून पडलेला असतो. पण माजाचं प्रकरण क्षुल्लक समजू नका. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा आपला नेहमीचा हिशेब. ती वेळ हुकली की शेतकऱ्याचे तीन आठवडे जातात. त्याच्या दृष्टीनं ते अर्जंटच. फरक एवढाच की इथं मिनिटांची घाई नाही, तासांची आहे. तुमच्या तीन प्रश्नांना "गाव अमुक, म्हैस, उभी" असं उत्तर आलं की तुम्ही निवांतपणे "कधीपासून आणि काय दिसतंय?" असं विचारू शकता. सविस्तर विचारायची वेळ ही. आधी नाही.

एका प्रकारात मात्र "उभं की पडलं" हा प्रश्न गैरलागू होतो. जनावर मेलेलं असतं आणि तरी मेसेज "अर्जंट" असतो. बहुतेक वेळा विम्यासाठी शवविच्छेदन हवं असतं. तेव्हा बिल्ल्यासकट फोटो काढून ठेवा, पुरू नका, असं सांगायचं. पण आधी एक विचारा: अचानक मेलं का, आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलंय का? "हो" आलं तर फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय धरायचा. मग कुणी चिरू नये, कातडं काढू नये, कुत्री जवळ येऊ देऊ नयेत, आणि तुम्हीही तिथं सुरी लावू नये. हा रोग माणसालाही होतो.

आता माणसांबद्दल. आपला नंबर गावात पुष्कळांकडं असतो, आणि रात्री ज्याला जो डॉक्टर आठवतो त्याला तो मेसेज टाकतो. मला "हेल्प करा सर" असा मेसेज आलेला आहे आणि फोन केल्यावर कळलंय की गोठ्यात चारा काढताना बाईला साप चावला. तिथं माझं काम एकच: १०८ लावायला सांगणं, चावलेला हात हलू न देणं, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडं नेऊ नका, ज्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे तिकडंच न्या, आणि त्यांनी १०८ लावला की नाही याची पाच मिनिटांनी खात्री करणं. आपण जनावरांचे डॉक्टर, तिथं जास्त शहाणपण करायचं नाही. म्हणून उत्तर चमत्कारिक वाटलं किंवा "जनावर कोणतं?" याला उत्तरच आलं नाही, तर फोनवरचं माझं पहिलं वाक्य असतं, "जनावराचं आहे का माणसाचं?"

आणि कधी कधी दोन्ही नसतं. मराठवाड्यात राहून हे न बोलणं बरोबर नाही. रात्री उशिरा ओळखीच्या शेतकऱ्याचा नुसता "सर, मदत करा" असा मेसेज येतो, फोन लावला की तो म्हणतो "काही नाही, सहज", आणि गप्प बसतो. जनावर ठीक असतं. तिथं फोन ठेवू नका. "घरी सोबत कोण आहे?" असं विचारा. शंका आली तर सरळ विचारा की जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतंय का. विचारल्यानं ते मनात येतं, हा गैरसमज आहे. उलट विचारल्यावर माणूस बोलायला लागतो. घरच्या एकाला त्याच्याजवळ बसवा, फवारणीच्या बाटल्या घरातून हलवायला सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर कुठल्याही वेळी लागतो, तो त्याला द्या आणि घरच्यांनाही द्या. आपण समुपदेशक नाही, पण त्या रात्री त्यानं आपल्याला मेसेज टाकलेला असतो.

हे झालं उत्तर मिळालं तर. उत्तर न मिळण्याचा प्रकार तुम्हीही लिहिलाय. माझी पद्धत अशी. मेसेजवर एकच टिक दिसतेय म्हणजे तो त्याच्या फोनपर्यंत गेलेलाच नाही, नेट गेलंय. तेव्हा व्हॉट्सअॅपवर वाट बघत बसण्यात अर्थ नाही, साधा फोन लावायचा. डोंगराकडच्या गावांत हे रोजचं आहे. दोनदा लावूनही उचलला नाही तर मी साधा एसएमएस टाकतो: "डॉक्टर. दोनदा फोन केला. जनावर पडलं असेल तर १९६२ ला पण फोन करा." मग गाव माहीत असेल तर त्या गावातल्या दूध संकलनवाल्याला फोन. सरपंचापेक्षा, पोलीस पाटलापेक्षा दूधवाल्याला जास्त माहीत असतं, कुणाच्या गोठ्यात काय चाललंय ते. गाव माहीत नसेल, नंबर अनोळखी असेल आणि फोन उचलत नसेल, तर थांबायचं. तिथं तुमच्या हातात काही नाही. दहा मिनिटांनी एकदा लावून बघा आणि आपल्या कामाला लागा. अशा मेसेजमागे मनानं धावत राहिलात तर दुपारपर्यंत समोर उभ्या असलेल्या जनावराकडं लक्ष राहत नाही.

येता येणार नसेल तर ते पहिल्या उत्तरातच लिहा. यात मी कडक आहे. आपण सुट्टीवर असतो, दुसऱ्या तालुक्यात असतो, एखाद्या म्हशीच्या अंगात कोपरापर्यंत हात असतो आणि वासरू अडकलेलं असतं. तरी भिडेखातर "येतो" म्हणायची आपल्याला सवय. शेतकरी मग दुसऱ्या कुणाला बोलावत नाही, रस्त्याकडं बघत बसतो. "मी दोन तास येऊ शकत नाही, अमुक डॉक्टरांना लावा, हा नंबर" हे वाक्य त्याला त्या क्षणी तुसडं वाटेल, पण "येतो" म्हणून न जाण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

हे सगळं जागेवर अवलंबून आहे, हेही मान्य करतो. तुमच्याकडं गावं किती, गाडी आहे का, तुम्ही सरकारी दवाखान्यात आहात म्हणजे बाहेर रांग उभी असताना निघता येतं का, यावर बरंच ठरतं. खाजगी काम करणाऱ्याचं गणित वेगळं. मोठ्या दूध संघाच्या भागात शेतकरी फोटो-व्हिडिओ सहज पाठवतात, माझ्याकडच्या कोरडवाहू पट्ट्यात अजून बोलण्यावरच काम चालतं. फोटो मागायचाच तर "फोटो पाठवा" एवढंच म्हणू नका. तोंडाचा फोटो येतो आणि त्यातून काही कळत नाही. "मागं उभं राहून, दोन्ही भकाळ्या दिसतील असा" म्हणा. डावी भकाळी उजवीपेक्षा वर आलेली दिसली की पोटफुगी आहे हे दुरून कळतं, आणि तुम्ही ट्रोकार बॅगेत टाकूनच निघता.

आपोआप जाणाऱ्या उत्तराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नवे डॉक्टर ते लावतात म्हणून सांगतो. बिझनेसवाल्या व्हॉट्सअॅपमध्ये "आपला मेसेज मिळाला, लवकरच संपर्क करू" असं आपोआप पाठवायची सोय आहे. ती लावू नका. शेतकऱ्याला वाटतं डॉक्टरनं वाचलं, आता येतील. तुम्ही तर फोन बघितलेलाही नसतो. त्यापेक्षा वरचं तीन प्रश्नांचं उत्तर साठवून ठेवा आणि स्वतः बोट लावून पाठवा. दहा सेकंद लागतात, पण तुम्ही ते पाठवलंय म्हणजे तुम्हाला कळलंय, एवढं तरी खरं असतं.

काही उत्तरं तर आवाजातच द्या. लिहिलेलं वाचायला चष्मा शोधावा लागतो, आणि बाई एकटी गोठ्यात असेल तर तिचे हात मोकळे नसतात. व्हॉइस मेसेज ती खांद्याला फोन लावून ऐकते. फक्त तो वीस सेकंदांच्या आत ठेवा आणि सूचना आधी बोला, प्रश्न नंतर. "ताई, पाजू नका काही. दुसरी जनावरं बाजूला घ्या. आता सांगा, गाव कोणतं?" या क्रमानं. शेवटचं वाक्य प्रश्नाचं असलं की समोरून उत्तर येतं.

काम उरकल्यावर गाडीत बसल्या बसल्या एवढं करा: तो नंबर गावाच्या नावानं सेव्ह करा. आधी गाव, मग आडनाव, मग जनावरं. "अमुकवाडी, शिंदे, दोन देवणी बैल, चार शेळ्या" असं. शेतकरी आपला मेसेज सुधारेल याची वाट बघू नका, पुढच्या वेळीही त्याचा "अर्जंट" एवढाच येणार. पण तोवर तुमच्याकडचे तीनपैकी दोन प्रश्न सुटलेले असतील, आणि तुम्हाला फक्त विचारायचं उरेल, उभं आहे का पडलंय.